ओल्या चुन्यावरचे चित्र खरोखरच अधिक टिकते का?

द्वितीय_वर्ष_कलेतिहास:
आम्हाला असे शिकवले गेले की ओल्या चुन्यावर रंगवलेले खरे फ्रेस्को हे कोरड्या भिंतीवर सरस किंवा डिंक घालून रंगवलेल्या चित्रापेक्षा टिकाऊ असते. मग लिओनार्दोचे ‘अखेरचे भोजन’ काही वर्षांतच का पोपडू लागले आणि अजिंठा पंधराशे वर्षे कसा राहिला? दोन्ही कोरड्यावरचीच ना? तुलनात्मक टिपण लिहायचे आहे, मते हवी आहेत.

चुन्याची_निवळी:
चुन्याच्या रसायनापासून सुरुवात केली तर पुढचा गुंता कमी होतो. भट्टीत भाजलेला कळीचा चुना पाण्यात विरवला आणि तो गिलावा म्हणून भिंतीवर चढवला की तो नुसता वाळून घट्ट होत नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो आणि त्या क्रियेला ओल लागते. गिलावा ओला असताना त्यातले चुन्याचे पाणी पृष्ठभागाकडे येत राहते. चित्रकाराने केवळ पाण्यात कालवलेला रंग लावला की त्या रंगाच्या कणांभोवती चुनखडीचे सूक्ष्म स्फटिक तयार होतात आणि कण त्यात अडकतात. रंग ‘भिंतीत खोल मुरतो’ असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले असते, ते खरे नाही. तो पृष्ठभागावरच्या अगदी पातळ कवचात धरला जातो. म्हणूनच गिलावा कडक उन्हात किंवा वाऱ्यावर झपाट्याने वाळला तर हे कवच पुरते बनत नाही आणि वर्षभराने बोट फिरवले तरी रंगाची भुकटी हाताला लागते.

कोरड्या पद्धतीत ही क्रिया आधीच संपलेली असते. तेथे रंग धरून ठेवण्याचे काम सरस, डिंक, अंडे किंवा तेल करते. हे सेंद्रिय पदार्थ ओलीत सडतात, किडींना आवडतात आणि जुने झाले की ठिसूळ होतात. एवढ्यापुरते तुमच्या शिक्षकांचे म्हणणे बरोबर आहे. मात्र ही तुलना केवळ रंगाच्या थराची झाली. चित्र मरते ते अनेकदा त्याच्या खालच्या थरात.

जुना_जेजेकर:
मला हा सारा संशय अनावश्यक वाटतो. इटालियन चित्रकार चेन्निनो चेन्निनीने १४०० च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात ओल्या चुन्यावरचे काम हेच सर्वांत पक्के असे स्पष्ट म्हटले आहे आणि इटलीतल्या शेकडो चर्चच्या भिंती त्याची साक्ष देतात. अजिंठ्याबद्दल सांगायचे तर तेथेही चित्राखाली चुन्याचा थर आहेच. चुना आहे, त्यावर खनिज रंग आहेत, मग ते फ्रेस्को नाही असे म्हणण्याचा आग्रह कशासाठी? आमच्या वेळी प्रत्येक प्राध्यापक अजिंठ्याला फ्रेस्कोच म्हणत असे.

चुन्याची_निवळी:
चुन्याचा थर आहे हे खरे, पण तो किती जाड आहे आणि कशावर आहे ते पाहा. अजिंठ्याच्या बेसाल्टवर आधी मातीचा जाड गिलावा आहे. त्यात भाताचे तूस, गवत आणि वनस्पतींचे तंतू कालवलेले आहेत. त्यावर बारीक मातीचा दुसरा थर आणि मग चुन्याचा हात, तोही बहुतेक ठिकाणी एका मिलिमीटरच्या आत. इतका पातळ हात काही वेळातच वाळतो आणि त्याखालची माती चुन्याचे पाणी पुरवत नाही. त्यात मोठ्या पटांवरचे बारकाईचे रंगकाम ओल्यावर पुरे करणे शक्यच नव्हते, आणि रासायनिक तपासण्यांतही रंग धरणारा सेंद्रिय पदार्थ असल्याचेच दिसून आले आहे.

आता तुमच्याच इटलीतली उदाहरणे घ्या. असिसीच्या सॅन फ्रान्सेस्कोच्या वरच्या चर्चमध्ये चिमाबुएने तेराव्या शतकाच्या अखेरीस जी चित्रे काढली, त्यांत त्याने शिशाचा सफेदा वापरला. तो कालांतराने काळपट तपकिरी झाला, त्यामुळे जेथे उजेड होता तेथे अंधार आला आणि आज ती चित्रे निगेटिव्हसारखी दिसतात. पाडुआच्या स्क्रोव्हेन्यी चॅपेलमध्ये जॉत्तोच्या कित्येक आकृत्यांची निळी वस्त्रे झडली आहेत, कारण अझुराइट या खनिजाचा निळा चुन्याच्या ओलीत नीट राहत नाही म्हणून तो वाळलेल्या भिंतीवर सरस घालून लावत. म्हणजे ‘खरे फ्रेस्को’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या चित्रातही दोन पद्धती एकाच भिंतीवर नांदतात आणि त्यांचे आयुष्य वेगवेगळे असते. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि चुन्याचाच पांढरा, एवढ्यांना चुना सहज पचवतो. या यादीबाहेर गेलात की चेन्निनीचे वचन तुम्हाला वाचवत नाही.

कुडाळचा_प्रवासी:
मला रंगकामातले फार समजत नाही, पण आमच्या गावच्या देवळाच्या भिंतीवर तांबड्या रंगात वेली, मोर आणि हत्ती आहेत. गेल्या जीर्णोद्धारात खालचा गिलावा उखडला म्हणून कंत्राटदाराने तेथे सिमेंट भरले आणि वर प्लास्टिक रंगाचा हात दिला. दोनच पावसाळ्यांत सिमेंटच्या वरच्या कडेने पांढरी भुकटी फुटली आणि नेमके तेथलेच जुने मोर गळून पडले. हे सगळे मुळात फ्रेस्को नसल्यामुळे झाले असे समजायचे का?

चुन्याची_निवळी:
नाही, उलट चित्र मुळात बऱ्यापैकी पक्के होते. तुम्ही वर्णन करता ते कावीचे काम असावे. कोकणात आणि गोव्यात देवळांच्या चुन्याच्या भिंतीवर तांबड्या मातीचा रंग घातलेल्या चुन्याचा थर देत आणि तो ओला असतानाच वरचा तांबडा भाग कोरून खालचा पांढरा उघडा करत. म्हणजे येथेही रंग चुन्यानेच धरला जातो, फक्त कुंचल्याऐवजी कोरणी चालते.

तुमच्या भिंतीला लोणा लागला आहे. जमिनीतून ओल वर चढते आणि सोबत क्षार आणते. चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल बाहेर उडून जाते, सिमेंटमधून आणि प्लास्टिक रंगातून फारशी जात नाही, म्हणून ती सिमेंटची हद्द संपते तेथून बाहेर पडते. पाणी उडते, क्षार मागे राहतात, त्यांचे स्फटिक वाढतात आणि वरचा थर ढकलून पाडतात. ही क्रिया मोरांच्या बाबतीत घडली तशीच ती मिकेलान्जेलोच्या चित्राच्या बाबतीतही घडेल. १९६६ च्या पुरानंतर फ्लोरेन्समध्ये अस्सल फ्रेस्कोंचेच या क्षारांनी हाल झाले आणि कित्येक चित्रे भिंतीवरून उतरवून वाचवावी लागली. सिमेंट काढून चुन्याचा गिलावा परत दिला तर पुढची हानी कमी होईल. गेलेले मोर येणार नाहीत.

आराइशवाली:
येथे इटली आणि अजिंठा यांच्यातच ओढाताण चालली आहे आणि जयपूरचे कोणी नावही घेत नाही. मी राजस्थानातल्या बनस्थळीला आलागिलाचे, म्हणजे ओल्या चुन्यावरच्या जयपुरी चित्राचे काम शिकले. आमच्याकडे चुना विरवून महिनोन्महिने पाण्यात ठेवतात, वरचे पाणी बदलत राहतात, त्यात दही आणि गूळही घालतात. खडबडीत थरांवर संगमरवराच्या बारीक पुडीचा थर चढतो आणि तो ओला असताना चुन्याच्या पाण्यात घोटलेले रंग लागतात. येथपर्यंत इटलीशी जुळते. पुढे मात्र रंग लावलेल्या भागावर लहान थापीने हलके ठोके देऊन रंग आत बसवतात, मग अकीकाच्या घोट्याने घासत राहतात आणि शेवटी नारळाच्या तेलाचा हात देतात. तेव्हा भिंत आरशासारखी चमकते. इटालियन फ्रेस्कोला ही घोटाई नाही. माझ्या मते चित्र टिकवण्यात या घोटाईचा वाटा चुन्याइतकाच आहे, कारण दाबामुळे पृष्ठभाग घट्ट होतो आणि धूळ-पाणी सहज धरत नाही. नंदलाल बोस यांनी शांतिनिकेतनात जयपूरचे कारागीर बोलावून हीच पद्धत शिकवली, ती उगाच नव्हे.

जुना_जेजेकर:
तेलाचा हात दिला म्हणजे शेवटी सेंद्रिय पदार्थ आलाच की! मग ही ‘शुद्ध’ चुन्याची पद्धत कशी?

आराइशवाली:
शुद्धतेचा हट्ट आपला आहे, माझा नाही. तेल घोटून झाल्यावर वरून लागते, रंग धरण्याचे काम ते करत नाही. दही-गुळाचा नेमका परिणाम काय यावर कारागिरांतही मतभेद आहेत. काही म्हणतात चुना सावकाश सुकतो, काही म्हणतात तो अधिक चिकट होतो. माझ्या हाताला दुसरे पटते.

द्वितीय_वर्ष_कलेतिहास:
भिंतीसमोर उभे राहिल्यावर पद्धत ओळखायची कशी? आमच्या अभ्यासदौऱ्यात कोणतेही उपकरण नसते.

चुन्याची_निवळी:
टॉर्च पुरेसा आहे, पण तो समोरून न मारता भिंतीला जवळजवळ समांतर, बाजूने धरायचा. खऱ्या फ्रेस्कोत चित्रकार एका दिवसात रंगवता येईल तेवढाच बारीक गिलावा लावतो, म्हणून शेजारच्या दोन दिवसांच्या गिलाव्यांच्या कडा बाजूच्या उजेडात दिसतात. ज्याची कड दुसऱ्यावर चढलेली असते तो तुकडा नंतरचा. चेहऱ्याभोवती असा लहान तुकडा आणि आकाशात मोठा तुकडा दिसला तर ओल्यावरचे काम मानायला हरकत नाही. उलट, निळा किंवा हिरवा तेवढाच खपल्यांनी गळाला असेल आणि गेरू शाबूत असेल तर तो भाग कोरड्यावरचा असण्याची शक्यता अधिक. ओला कापूस लावून रंग सुटतो का ते पाहण्याचा मोह कृपया आवरा, ते काम संवर्धकाचे आहे.

तरीही काही ठिकाणी डोळ्यांनी निकाल लागत नाही. तंजावरच्या बृहदीश्वराच्या प्रदक्षिणामार्गातली चोळकालीन चित्रे १९३१ मध्ये नायककालीन चित्रांच्या थराखाली सापडली. रसायनतज्ज्ञ परमशिवन् यांनी त्यांची तपासणी करून ती खरी फ्रेस्को ठरवली. नंतरच्या काही अभ्यासकांना तेथे चुना असूनही कोरड्यावरचेच काम वाटते. चुना वाळल्यावर चुन्याच्या पाण्यातच रंग कालवून लावला तरी तो चुन्यानेच धरला जातो, त्यामुळे ‘चुना सापडला’ एवढ्याने प्रश्न सुटत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली आडवा छेद पाहावा लागतो. रंग आणि गिलावा यांच्यात रेष न दिसता स्फटिक सलग असतील तर ओल्यावरचे, मध्ये स्पष्ट हद्द असेल तर कोरड्यावरचे, असा साधारण नियम आहे, पण थर झिजलेला असला की तोही डळमळतो.

मूळ प्रश्नातल्या ‘दोन्ही कोरड्यावरचीच ना’ या जोडीबद्दलही लिहितो. मिलानच्या भोजनगृहात लिओनार्दोने १४९५ नंतरच्या काही वर्षांत दगडी भिंतीवर पांढरे अस्तर देऊन त्यावर तेल आणि अंड्याच्या मिश्रणाने रंगवले. भिंत ओलसर होती, अस्तर आणि रंग यांची सांगड बसली नाही. १५१७ मध्येच ते बिघडू लागल्याची एका प्रवाशाची नोंद आहे. अजिंठ्याला तंतू घातलेला मातीचा जाड गिलावा थोडीफार हालचाल सोसतो, शिवाय लेण्यांच्या आतल्या भागात ऊन-पाऊस थेट येत नाही. अजिंठ्याचेही नुकसान झालेच आहे. कोठे गिलावा खडकापासून सुटला, कोठे किड्यांनी त्यातले तूस खाल्ले. त्यात १९२०-२२ मध्ये निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन संवर्धकांनी रंग धरून राहावा म्हणून लाखेचा लेप दिला, तो पुढे पिवळा-तपकिरी झाला.

जुना_जेजेकर:
म्हणजे इटलीची पद्धत वाईट नाही, इटालियन संवर्धकांची लाख वाईट. माझे मत मी बदलत नाही: नवी भिंत, साधे मातीचे रंग आणि चांगला मुरलेला चुना एवढे हाती असेल तर मी ओल्यावरच रंगवीन.

चुन्याची_निवळी:
त्या अटींवर मीही. फक्त मे महिन्यात नागपूरला नको, आणि भिंत आदल्या दिवशी पोटभर भिजवा.