मदत हवी आहे: कथेतला फोन लावावा की नाही?

जुन्या पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मुलीला पेन्सिलीने खरडलेला नंबर सापडतो, खाली फक्त ‘रात्री नऊनंतर’. शेवट जमत नाहीये. एका खर्ड्यात पलीकडून म्हातारा बोलला, तर कथा त्याचीच झाली. दुसऱ्यात नंबर बंद निघाला, वाचणारी मैत्रीण म्हणाली, “मग एवढं ताणलंस कशाला?”

आता फोन न लावताच संपवायचंय. एक धागा हाती आहे: शेवटचा आकडा १ की ९, कळत नाही. म्हणजे नंबर दोन, आणि टाळायला आयतं निमित्त.

मर्यादा बाराशे शब्दांची, पात्र एकच, पूर्वकथा नको. हा घोळ तिला सुरुवातीलाच दिसावा, की नऊ वाजून गेल्यावर, बोट शेवटच्या आकड्यावर असताना?