मदत हवी आहे: आयईएलटीएस जनरलचं मैत्रिणीला निमंत्रणाचं पत्र, सूर जमत नाहीये

नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात माझी आयईएलटीएस जनरल ट्रेनिंग ही इंग्रजीची परीक्षा आहे. रायटिंगच्या पहिल्या टास्कमध्ये अडकलेय. सरावाचा विषय होता: परदेशातल्या मैत्रिणीला घरी बोलवा. तीन मुद्दे: का बोलावताय, दोघी मिळून काय कराल, तिने सोबत काय आणावं.

मी कॅनडातल्या एमाला गणपतीला चिपळूणला बोलावलं. किमान १५० शब्द लागतात, माझे १७२ झाले. पण उकडीचे मोदक कसे वळतात हे सांगण्यातच साठेक शब्द गेले आणि तिसऱ्या मुद्द्याला फक्त 'छत्री आण' एवढंच उरलं. आता मोदकांना एकच वाक्य ठेवून, 'कोकणात तेव्हाही पाऊस असतो, म्हणून रेनकोट आणि पटकन वाळणारे कपडे आण' असं कारणासकट लिहिलंय. तिन्ही मुद्दे नीट फुलवले नाहीत तर गुण जातात, हे मला उशिरा कळलं.

खरी अडचण सुराची आहे. सुरुवात 'हाय एमा', मध्येच 'आय अ‍ॅम रायटिंग टू इन्व्हाइट यू' आणि शेवटी 'युअर्स फेथफुली'! ते बदलून 'व्हाय डोन्ट यू कम ओव्हर' आणि 'लव्ह' केलंय. 'आय वुड बी ग्रेटफुल इफ' मात्र अजून तसंच आहे. त्याजागी मैत्रिणीला शोभेल असं काय लिहू? आणि 'मोदक'सारखा शब्द आला की अर्थ लगेच त्याच वाक्यात द्यावा का? ज्यांनी परीक्षा दिलीये त्यांनी कृपया सांगा.