प्रतिसाद: खोदकाम कधी थांबवायचं?

"ऑक्साइड पूर्ण खोदला गेला हे डोळ्यांनी कसं कळणार?"

सिलिकॉनच्या चकतीवरचा, म्हणजे वेफरवरचा, ऑक्साइडचा थर आम्लात खोदताना हे पाण्यावरून कळतं. भट्टीत ऑक्साइड वेफरच्या दोन्ही बाजूंना चढतो, आम्लापासून झाकणारा लेप, म्हणजे रेझिस्ट, मात्र फक्त पुढच्या बाजूला असतो. म्हणून मागची बाजू बघा. ऑक्साइडवर पाणी पसरून राहतं, उघड्या सिलिकॉनवरून ते थेंब होऊन ओघळतं. मागची बाजू कोरडी बाहेर आली की पुढच्या बाजूला रेझिस्टमध्ये उघड्या ठेवलेल्या खिडक्याही जवळपास मोकळ्या झालेल्या असतात; बारीक खिडक्यांसाठी थोडा वेळ जास्त द्यावा.

पण फार वेळ नको. बफर केलेलं हायड्रोफ्लोरिक आम्ल सिलिकॉनला फारसं खात नाही, मात्र रेझिस्टखालून आडवं ऑक्साइड खात राहतं. थर ०.५ मायक्रॉनचा आणि रेझिस्टमधली खिडकी २ मायक्रॉनची असेल, तर वेळेवर थांबूनही ती वरच्या कडेला सुमारे ३ मायक्रॉन होते. रेझिस्टवर खिडक्यांची नक्षी उमटवणारा मास्क आखतानाच ही वाढ धरावी लागते.