अनुवाद पाठवून झाला आणि आकड्यातली चूक सापडली. काय लिहावं?

अनुवादक, नवखी: सोयाबीन लागवडीच्या घडीपत्रिकेचा मराठी अनुवाद परवा एका संस्थेला पाठवला. आज वाचताना दिसलं, मुळात बियाणं हेक्टरी ७५ किलो आहे, मी एकरी ७५ लिहिलंय. सोमवारी छपाई आहे. चूक कबूल करू, की नुसती दुरुस्त फाइल पाठवू?

बिलं थकलेला: नुसती फाइल पाठवा, वर 'सुधारित प्रत' लिहा. लेखी कबुली दिली की पैसे अडकतात. माझे दोन महिने अडकले होते.

पंधरा वर्षं अनुवादात: अजिबात पटत नाही. तुमचा मजकूर एव्हाना मांडणीत गेला असेल. नवी फाइल आली, पण काय बदललं ते सांगितलं नाही, तर मांडणी करणारा जुन्यावरच पुढे जाईल. मी असं लिहीन:

'नमस्कार. परवा पाठवलेल्या घडीपत्रिकेत माझ्याकडून एक चूक झाली आहे. पान २ वर "बियाणे" या मथळ्याखाली "एकरी ७५ किलो" आहे, तिथे "हेक्टरी ७५ किलो" हवं. दुरुस्त फाइल सोबत आहे, बदललेली ओळ पिवळी केली आहे. बाकीचे आकडे मुळाशी ताडून पाहिले, दुसरा बदल नाही. मांडणीत ही ओळ बदलली की कृपया कळवा.'

ताडून पाहिल्याचं वाक्य खरोखर ताडल्यावरच लिहा. एकक एकदा चुकलं की खताच्या मात्रेतही चुकलेलं असतं. आणि आज शनिवार आहे, मेल कोण उघडतंय? आधी फोन करा, मग हे पाठवा.

पत्रिका छापणारा: आमच्याकडे लग्नपत्रिकेत तारीख चुकली, तेव्हा प्रत्येक प्रतीवर पट्टी चिकटवली. तुम्हीही तेच करा.

पंधरा वर्षं अनुवादात: दादा, यांचं अजून छापून झालेलं नाही.

सोयाबीनवाला, लातूर: ताई, आज रात्रीच कळवा. आमच्याकडे एकराला तीस किलोची एक पिशवी लागते. ७५ म्हणजे अडीच पिशव्या. पैसे जातातच, शिवाय दाट पेरलेलं सोयाबीन उंच वाढून लोळतं आणि शेंगा कमी लागतात. आकडा हेक्टरचाच आहे, हिशोब करून बघा. ४५ बाय ५ सेंटिमीटरवर हेक्टरी साधारण ४ लाख ४४ हजार रोपं बसतात. शंभर दाणे १२ ग्रॅम धरले तर ५३ किलो झाले, आणि उगवण ७० टक्के धरली की ७६. पण 'हेक्टरी ७५' कशाला छापता? गावात कुणी हेक्टरात पेरत नाही. 'एकरी ३०' लिहा.

पंधरा वर्षं अनुवादात: मूळ मजकुराचं एकक अनुवादकाने स्वतःहून बदलू नये. फार तर संस्थेला विचारावं.

सोयाबीनवाला, लातूर: मग आत्ताच विचारा. वाचणारा शेतकरी आहे, संस्था नाही.

अनुवादक, नवखी: फोन केला, मांडणी थांबवली आहे. खताची मात्राही एकरी लिहिली होती, तीही आत्ताच सापडली. दोन्ही ओळी एकाच मेलमध्ये कळवते आणि एकराचं त्यांना विचारते.

बिलं थकलेला: बिलाचं काय झालं, तेही कळवा.