बारकावे दिसतात, चित्र दिसतेच असे नाही

"पडद्यावर चित्र इतके मोठे करून पाहता येते, की संग्रहालयात जाऊन वेगळे काही दिसत नाही."

बारकाव्यांपुरते हे मान्य आहे. ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियमने रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’ या चित्राचे 2022 मध्ये खुले केलेले छायाचित्र 717 गिगापिक्सेलचे आहे, त्यातला एक पिक्सेल म्हणजे मूळ चित्रातले जेमतेम 5 मायक्रोमीटर, आणि दोरीपलीकडे उभ्या प्रेक्षकाला तेवढे कधीच दिसणार नाही. मात्र त्यातून दोन गोष्टी निसटतात. पहिली आकार: हे चित्र सुमारे पावणेचार मीटर उंच आहे, तर त्याच संग्रहालयातले व्हर्मीरचे दूध ओतणाऱ्या बाईचे चित्र अर्ध्या मीटरहूनही कमी, फोनवर दोन्ही चित्रे तळहाताएवढीच. दुसरी, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाची, रंगाचा उठाव. ‘नाइट वॉच’मधल्या लेफ्टनंटच्या पिवळ्या अंगरख्यावरचे भरतकाम रेम्ब्रांटने रंगाचे जाड थर देऊन उभे केले आहे, आणि पाहणारा बाजूला सरकला की त्या थरांवरचा उजेडही सरकतो. छायाचित्रासाठी चकाकी टाळून प्रकाश सर्वत्र सारखा पाडावा लागतो, त्यामुळे कितीही मोठे केले तरी त्यात प्रकाशाची एकच, कायमची गोठलेली अवस्था मिळते. तिरक्या प्रकाशात घेतलेली जोड छायाचित्रे उपलब्ध असतील, तर ती आवर्जून शेजारी ठेवून पाहावीत.