जुन्या फोटोतले शहर कोणते: मुंबई की कलकत्ता? (विश्रामबाग, सांगली येथील आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा)

ए-१०२ (काकू): नमस्कार. काल ग्रुपवर टाकलेला फोटो माझ्या सासऱ्यांच्या पेटीत सापडला. सांगलीला स्थायिक होण्यापूर्वी ते नोकरीसाठी काही काळ मुंबईत आणि काही काळ कलकत्त्यात होते, त्यामुळे फोटो कुठला यावर घरात एकमत होत नाही. पुतण्याने मूळ कृष्णधवल फोटोत संगणकावर रंग भरले आहेत आणि त्यात टॅक्सी पूर्ण पिवळी दिसत असल्याने सगळे जण कलकत्ता म्हणत आहेत. सोसायटीच्या गणेशोत्सवात जुन्या फोटोंचे प्रदर्शन आहे, म्हणून खाली नाव आणि साल बरोबर लिहायचे आहे. कोणी सांगू शकेल का?

बी-३०४: वहिनी, रंगीत प्रत बाजूला ठेवून मूळ फोटो पाठवलात तर बरे होईल. रंग नंतर भरलेले आहेत, त्यामुळे टॅक्सी पिवळी की काळी-पिवळी हे त्यावरून ठरवता येणार नाही. मूळ फोटोत टॅक्सीचे छत फिकट आणि खालचा भाग गडद आहे का, एवढे मात्र कळेल.

ए-१०२ (काकू): मूळ फोटो पाठवला आहे. छत फिकट आहे आणि खालचा भाग गडद आहे.

बी-३०४: आभारी आहे. म्हणजे टॅक्सी पूर्ण पिवळी नाही. तरीही एवढ्यावरून मुंबई असे म्हणता येणार नाही, कारण कलकत्त्यातही एके काळी काळ्या-पिवळ्या टॅक्सी होत्या. अशा वेळी रंगापेक्षा वाहनाच्या आकाराकडे पाहावे, कारण रंग कंपन्या आणि सरकारे बदलत राहतात, पण गाडीचा सांगाडा इतक्या सहज बदलत नाही. कलकत्त्याच्या ट्रामचेच पाहा. तिचे रंग वेगवेगळ्या काळात वेगवेगळे होते आणि कधी कधी तर ट्राम पूर्ण जाहिरातीने झाकलेली असते, त्यामुळे रंग पाहून तिचे साल सांगणे धोक्याचे ठरते.

या फोटोत सर्वांत महत्त्वाची गोष्ट डाव्या कोपऱ्यात आहे. कमानीखालून जे वाहन पुढे येत आहे, त्याला अनेकांनी डबल डेकर बस समजले आहे. पण फोटो मोठा करून पाहिला, तर त्याची चाके रस्त्यात बसवलेल्या रुळांवर आहेत आणि छतावरचा दांडा वरच्या एकाच तारेला टेकलेला आहे, असे दिसेल. ती बस नसून दुमजली ट्राम आहे. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये सुरू झाली आणि दुमजली ट्राम १९२० पासून धावू लागली. कलकत्त्याची नेहमीची ट्राम मात्र एकमजली असून तिला पुढे-मागे दोन डबे जोडलेले असत, पुढचा पहिल्या वर्गाचा आणि मागचा दुसऱ्या वर्गाचा. त्यामुळे दुमजली ट्राम दिसताच माझे मत मुंबईकडे झुकले. उलट फोटोत एकमजली ट्राम असती, तर मी काहीच बोललो नसतो, कारण एकमजली ट्राम मुंबईतही होत्या.

सी-२०१: काका, दोन तारा असतील तर काय समजायचे? माझ्याकडच्या एका मुंबईच्या फोटोत रस्त्यावर दोन तारा समांतर गेलेल्या दिसतात.

बी-३०४: त्या ट्रॉलीबसच्या असू शकतात. ट्रामची वीज वरच्या तारेतून येते आणि रुळांमधून परत जाते, म्हणून तिला एक तार पुरते. ट्रॉलीबस रबरी टायरांवर चालते, त्यामुळे तिला वीज येण्यासाठी एक आणि परत जाण्यासाठी एक अशा दोन तारा लागतात. मात्र येणारी आणि जाणारी अशा दोन ट्राम मार्गांच्या तारा शेजारी असल्या, तरी लांबून त्या जोडीसारख्याच दिसतात, म्हणून आधी एखाद्या वाहनावरचे दांडे मोजावेत. मुंबईत ट्रॉलीबस १९६२ ते १९७१ या थोड्याच वर्षांत होती, म्हणून दोन दांड्यांची गाडी सापडली तर साल बरेच नेमके कळते.

आता वहिनींच्या फोटोचे साल. एका फोटोतली सर्वांत नवी वस्तू फोटो कधीपूर्वीचा असू शकत नाही हे सांगते, आणि बंद पडलेली वस्तू तो कधीनंतरचा असू शकत नाही हे सांगते. येथे बंद पडलेली वस्तू ट्राम आहे. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर धावली, म्हणजे फोटो त्यानंतरचा नाही. नवी वस्तू शोधताना टॅक्सी उपयोगी पडली. तिचे गोल नाक आणि फुगीर बॉनेट पाहा. मुंबईचे लोक जिला डुक्कर फियाट म्हणत, ती ही फियाट ११०० असून आपल्याकडे १९५४ च्या सुमारास आली. मागची डबल डेकर बस १९३७ पासून मुंबईत होती, त्यामुळे सालासाठी तिचा फारसा उपयोग नाही. म्हणून फोटो १९५४ ते मार्च १९६४ या दरम्यानचा आहे, इतके मी खात्रीने लिहीन. त्या काळाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या टॅक्सी बहुतेक उत्तरपाड्याला बनलेल्या अँबॅसेडर असत, तर मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट अधिक दिसत, त्यामुळे टॅक्सीही आपल्या निष्कर्षाशी जुळते. पण जुळते म्हणजे सिद्ध होते असे नव्हे, कारण खासगी फियाट कोणत्याही शहरात असू शकते.

ए-४०३: दादा, मग फोटोत एकही रिक्षा नाही, हेही दक्षिण मुंबईचेच लक्षण मानायचे का?

बी-३०४: या फोटोत नको. त्या काळी रिक्षा सर्वत्र रुळलेली नव्हती, त्यामुळे ती न दिसण्याला फारसा अर्थ नाही. पुढच्या काळातल्या फोटोत मात्र हा मुद्दा फार कामाचा आहे. मुंबईत रिक्षाला माहीम आणि शीवच्या दक्षिणेला परवानगी नाही. म्हणून काळी-पिवळी रिक्षा आणि लाल डबल डेकर एकाच चौकटीत असतील आणि शहर मुंबई असेल, तर जागा उपनगरातली, म्हणजे वांद्रे, कुर्ला किंवा अंधेरीसारखी असणार. पण आपल्याकडच्या मंडळींनी एक सावधगिरी बाळगावी. पुण्यात पीएमटीकडेही एके काळी डबल डेकर बस होत्या आणि पुण्याची रिक्षाही काळी-पिवळीच आहे, त्यामुळे ही जोडी दिसली की मुंबई, असे थेट लिहू नये. अशा वेळी नंबरप्लेट पाहावी. आपल्या सांगलीचे एमएच-१० जसे ओळखीचे आहे, तसे पुण्याचे एमएच-१२, आणि मुंबई उपनगरांतले एमएच-०२ किंवा एमएच-०३. ही पद्धत १९८९ पासूनची आहे, त्याआधीच्या फोटोत ती सापडणार नाही.

ए-१०२ (काकू): पुतण्याची एक शंका आहे. मूळ निगेटिव्हवरून छापताना फोटो उलटा छापला गेला असेल तर?

बी-३०४: शंका रास्त आहे आणि ती तपासणे सोपे आहे. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने जातात, आणि बसमध्ये चढण्याची वाट डाव्या बाजूलाच असते. तुमच्या फोटोत मागची बस पाठमोरी असून तिच्या मागच्या भागातला उघडा चौथरा डावीकडे आहे, तेथे एक प्रवासी दांडा धरून उभा आहे, म्हणजे फोटो सुलटाच आहे. ट्रामवरची गंतव्याची पाटी मात्र अस्पष्ट आहे. फोटोचा तेवढाच कोपरा ६०० डीपीआयवर स्कॅन करून पाठवा आणि मागच्या बाजूला स्टुडिओचा शिक्का असल्यास तोही पाठवा. पाटी वाचता आली, तर कोणत्या मार्गावरची ट्राम ते कळेल. तोवर प्रदर्शनासाठी फोटोखाली “मुंबई, १९५४ ते १९६४ दरम्यान” असे लिहावे, नेमके एकच साल लिहू नये.