मदत हवी आहे: भात वाळवल्यावर हिशोबापेक्षा 15 किलो कमी भरतंय

मंडळी, सत्तरीत आमचं ज्योती भात आहे, यंदा मळणी झाल्या झाल्या बरोब्बर 1000 किलो वेगळं काढून वजन केलं, मीटरवर ओलावा 22 टक्के होता, मग तीन दिवस ताडपत्रीवर वाळवून 14 टक्क्यांवर आणलं.

आधी मला वाटलं 22 वजा 14 म्हणजे 8 टक्के घट, 920 किलो राहील. पण ते चूक, कारण 14 टक्के हे वाळलेल्या वजनाचे असतात. पाणी सोडून दाणा 780 किलो, तो नंतरच्या वजनाचा 86 टक्के, म्हणून 780 भागिले 0.86, साधारण 907 किलो.

प्रत्यक्षात भरलं 892! काटा तोच, पोती रिकामी तोलून वजा केली, वारवलं नंतर, ताडपत्री झाडून दाणे गोळा केले, कोंबड्यांनी खाल्लं असेल तर किलो-दोन किलो, जास्त नाही.

उलटा हिशोब केला तर सुरुवातीचा ओलावा 23.3 तरी हवा, नाहीतर शेवटचा 12.6. दुसरं खरं असेल तर मी जास्त वाळवलंय, गिरणीत कणी जास्त पडेल आणि विकताना वजनही गेलं. सुरुवातीचं माप सकाळी घेतलं, दाण्यावर दव होतं, शेवटचं दुपारी, दाणा हाताला गरम लागत होता. दोन्ही वेळा एकाच पोत्यातून एकदाच मूठभर घेतलं, ही माझी चूक.

अजून 350 किलो ओलं भात पडवीत पसरून आहे. मीटर कुठल्या टोकाला चुकतोय हे घरच्या घरी, चुलीवर किंवा ओव्हनमध्ये दाणा सुकवून कसं तपासायचं, आणि त्यासाठी किती ग्रॅम घ्यायचे?